कोंबड्यांच्या खुराड्यातला देवदूत : जादुई वास्तववाद ओळखायचा कसा

इंदुरात साहित्य घेऊन बी.ए. करणाऱ्या मराठी मुलांना ही संज्ञा दोन नावांनी भेटते. हिंदीच्या तासाला ‘जादुई यथार्थवाद’, मराठी पुस्तकात ‘जादुई वास्तववाद’. घोटाळा मात्र दोन्हीकडे एकाच शब्दापाशी होतो, ‘जादुई’पाशी. मुलं गोष्ट वाचतात, जादूची जागा शोधतात, तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारतात आणि उत्तरपत्रिकेत लिहितात, ‘येथे जादुई वास्तववाद दिसतो.’ पंखवाला माणूस दिसला की काम झालं! पण पंखवाली माणसं परीकथेत असतात, पुराणात असतात, लहान मुलांच्या कार्टूनमध्येही असतात. रेघ मारायचीच असेल तर ती पंखांच्या पुढच्या वाक्याखाली मारावी. पंख बघून घरातल्या माणसांनी काय केलं, ते जिथे सांगितलं आहे तिथे.

हे नीट कळायला एक छोटी गोष्ट पुरते. कोलंबियाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी 1968 साली लिहिलेली. नावाचा मराठी अर्थ ‘प्रचंड पंखांचा एक फार म्हातारा माणूस’ असा होतो. अर्ध्या तासात वाचून होते. आधी ती काय करते ते बारकाईने बघू, मग आपल्या घरातलं एक उदाहरण स्वतः लिहून तपासू.

पाऊस, खेकडे आणि मग देवदूत

गोष्ट देवदूतापासून सुरू होत नाही, खेकड्यांपासून होते. पावसाचा तिसरा दिवस आहे. समुद्रकाठच्या गरीब घरात इतके खेकडे शिरलेत की पेलायो नावाच्या माणसाला मेलेले खेकडे समुद्रात फेकायला जावं लागतं. तान्ह्या बाळाला ताप आहे आणि तो खेकड्यांच्या घाणीमुळे आला असावा, असं घरात वाटतंय. खेकडे फेकून परत येताना त्याला अंगणात चिखलात पालथा पडलेला म्हातारा दिसतो. पंखांच्या ओझ्यामुळे त्याला उठता येत नाही.

इथे एक क्षण थांबा. पंख येण्याआधी आपल्या हातात काय काय आलं? दिवस कितवा, बाळाला काय झालंय, घाण कशाची, पेलायो कुठे गेला होता. वाचकाचे पाय आधी ओल्या जमिनीवर घट्ट टेकवलेत आणि मग पंख दाखवलेत. तेही कसे, तर मळलेले, अर्धी पिसं गेलेली, गिधाडासारखे. म्हाताऱ्याच्या तोंडात दात जेमतेम, डोक्यावर केस जेमतेम. ज्या बारकाईने खेकडे सांगितले त्याच बारकाईने पंख सांगितले. निवेदकाचा आवाज एका सुतानेही चढत नाही. ही समान पट्टी हाच या प्रकाराचा पाया आहे.

पेलायो आणि त्याची बायको एलिसेंदा सुरुवातीला दचकतात, पण लवकरच सावरतात. त्याची भाषा कळत नाही, पण आवाज खलाशासारखा भरदार आहे, म्हणून बुडालेल्या एखाद्या परदेशी जहाजावरचा हा एकटा वाचलेला असावा, असं ते ठरवतात. समोर पंख आहेत आणि हे बोलतात जहाजाबद्दल! मग जन्ममरणातलं सगळं ठाऊक असलेली शेजारीण येते. तिला एका नजरेत कळतं, हा देवदूत आहे, बाळाला न्यायला आला होता, बिचारा इतका म्हातारा की पावसाने खाली पाडला. ती त्याला दंडुक्याने मारून टाकायचा सल्ला देते. तेवढं यांचं काळीज होत नाही. हे त्याला चिखलातून ओढून कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडतात. पुढे बाळाचा ताप उतरतो, तेव्हा दोघं उदार होऊन ठरवतात की तीन दिवसांचं पाणी आणि शिधा देऊन याला तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून देऊ.

हा शिधा या गोष्टीत फार महत्त्वाचा आहे. देवदूत खरा की खोटा, यावर घरात चर्चा नाही. तो घरात आला आहे, मग त्याला ठेवायचं कुठे, खायला काय घालायचं, घालवायचा कसा, हे प्रश्न आहेत. लांबचा पाहुणा सामानासकट दारात उभा राहिल्यावर आपल्याकडे जे प्रश्न पडतात तेच. शेजारीण म्हणते देवदूतांचं अन्न म्हणजे कापूर. कापूर देऊन बघतात, तो तोंड लावत नाही. शेवटी तो वांग्याचा लगदा तेवढा खातो. आता हा देवदूत असल्यामुळे वांगं खातो की म्हातारपणी दात नाहीत म्हणून, ते निवेदक सांगत नाही. दोन्ही कारणं शेजारी शेजारी ठेवून पुढे जातो.

पाद्री येतो. तो लॅटिनमध्ये अभिवादन करतो आणि म्हाताऱ्याला देवाची भाषा समजत नाही, म्हणून त्याला संशय येतो. तो वर पत्र लिहितो, वरचे आणखी वर लिहितात, आणि रोमहून विचारणा येत राहतात: कैद्याला बेंबी आहे का, त्याच्या बोलीचा आरामेइक भाषेशी काही संबंध आहे का, टाचणीच्या टोकावर असे किती मावतील? फाइल फिरत राहते. इथे मुलं हसतात, आणि हसावंच. पण हसण्याचं कारण नीट बघा. अद्भुत गोष्टीला सरकारी नियम लावले की वेडगळ काय दिसतं? पंख दिसत नाहीत, पत्रव्यवहार दिसतो. या शैलीचं एक मोठं काम हेच आहे. अशक्य गोष्ट इतक्या सरळपणे सांगितली जाते की शेजारी ठेवलेली आपली रोजची, मान्यताप्राप्त गोष्टच विचित्र वाटू लागते.

पाच सेंट आणि कोळीण

एलिसेंदा दिवसभर अंगणातला कचरा झाडून दमते आणि तिला युक्ती सुचते: अंगणाला कुंपण घालावं आणि देवदूत बघायचे माणशी पाच सेंट घ्यावेत. आठवडाभरात घरातल्या खोल्या पैशांनी भरतात. दर्शनाला येणारे लोकही तितक्याच शांतपणे सांगितलेत. एक बाई लहानपणापासून हृदयाचे ठोके मोजते आहे आणि आता तिचे आकडे संपलेत. एकाला ताऱ्यांच्या आवाजाने झोप येत नाही. देवदूताच्या नावावर काही चमत्कारही जमा होतात, पण सगळे आडमार्गी. आंधळ्याला दृष्टी येत नाही, तीन नवे दात येतात. पांगळा चालत नाही, त्याची लॉटरी थोडक्यात हुकते. महारोग्याच्या जखमांतून सूर्यफुलं उगवतात.

मग गावात एक फिरता खेळ येतो आणि त्यात एक कोळीण आहे. मासे विकणारी नव्हे! आठ पायांची: मेंढ्याएवढी कोळी, डोकं मात्र उदास मुलीचं. आईबापांना न विचारता नाचायला गेली, परत येताना वीज कडाडली आणि तिचा कोळी झाला. तिचं तिकीट देवदूतापेक्षा स्वस्त. शिवाय तिला काहीही विचारता येतं, उलटसुलट तपासता येतं. गर्दी एका फटक्यात तिकडे वळते आणि पेलायोचं अंगण ओस पडतं.

आमच्या मते सगळी गोष्ट या जागी उघडते, आणि बहुतेक उत्तरपत्रिकांत नेमकी हीच जागा एका ओळीत उरकलेली असते. मार्केस यांनी एकाच अंगणाच्या आसपास दोन प्रकारचं अद्भुत ठेवलं आहे. कोळिणीच्या अद्भुताला कारण आहे, शिक्षा आहे, तात्पर्य आहे: आईबापांचं ऐका. ही बोधकथा झाली. लोकांना ती लगेच समजते, म्हणून आवडते. देवदूताला कारण नाही, तात्पर्य नाही. तो का आला ते कळत नाही, काही सांगत नाही, बरं करायचं ते करत नाही. दोघंही अशक्यच, पण जादुई वास्तववाद आहे तो देवदूताच्या बाजूला. हा फरक परीक्षेत नेमका दाखवता आला, तर व्याख्या पाठ करायची गरज पडत नाही.

तिकिटाच्या पैशांतून दुमजली घर उभं राहतं, बाल्कन्या आणि बागा असलेलं. हिवाळ्यात खेकडे आत येऊ नयेत म्हणून उंच जाळ्या बसवतात आणि देवदूत आत येऊ नयेत म्हणून खिडक्यांना लोखंडी गज. आपण माकडांसाठी गच्चीला जाळी लावतो आणि चोरांसाठी खिडकीला गज, त्याच दमात. एका वाक्यात खेकडे आणि देवदूत एकाच यादीत बसलेत, घरदुरुस्तीच्या यादीत. जादुई वास्तववादाचा नमुना म्हणून फक्त एकच वाक्य दाखवायचं झालं तर आम्ही हे दाखवू.

पुढे मुलगा मोठा होतो, खुराडं मोडतं, म्हातारा घरभर सरपटत फिरतो आणि एलिसेंदा वैतागते की देवदूतांनी भरलेल्या घरात राहणं म्हणजे नरक आहे. मुलाला आणि त्याला एकाच वेळी कांजिण्या येतात. डॉक्टर मुलाला तपासता तपासता त्यालाही तपासतो. हृदयात आणि मूत्रपिंडांत इतके आवाज की हा जिवंत कसा, असं त्याला वाटतं. पण सगळ्यात नवल त्याला वाटतं ते पंखांच्या तर्कशुद्धतेचं. माणसाच्या शरीरावर ते इतके स्वाभाविक दिसतात की बाकीच्यांना ते का नसावेत, हेच त्याला कळेना. शेवटी एके सकाळी एलिसेंदा कांदे चिरत असते आणि खिडकीतून दिसतं की म्हातारा उडायचा प्रयत्न करतोय. तो धडपडतो, भाजीचे वाफे उकरतो, आणि उडतो. तिला हायसं वाटतं, स्वतःसाठी आणि त्याच्यासाठीही. कांदे चिरून संपतात तरी ती बघत राहते.

‘जणू’, ‘म्हणे’ आणि ‘चक्क’

आता मराठीत वाचताना आणि लिहिताना कामाला येणारी एक कसोटी. आपल्या भाषेत काही छोटे शब्द आहेत जे अद्भुताचा जीव काढून घेतात. पहिला ‘जणू’. ‘त्याच्या खांद्यावर जणू पंखच होते’ म्हटलं की पंख गेले, उपमा उरली. दुसरा ‘म्हणे’. ‘त्याला पंख होते म्हणे’, यात निवेदकाने हात झटकले: मी पाहिलं नाही, लोक सांगतात. भुताच्या गप्पांना हा शब्द शोभतो, इथे नाही. तिसरा ‘चक्क’, आणि त्याच घराण्यातले ‘काय आश्चर्य’, ‘अचानक’ आणि वाक्याच्या टोकाला उभं राहणारं उद्गारचिन्ह. हे निवेदकाची भुवई उंचावतात. उताऱ्यात असे शब्द दिसले आणि ते पात्राच्या तोंडचे नसून निवेदकाचे असले, तर तो उतारा बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी प्रकारातला असतो.

दुसऱ्या म्हणजे कुठल्या? मराठी वाचकाला सगळ्यात जवळचा प्रकार संतचरित्रातल्या चमत्काराचा. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखी वेद वदवले, भिंत चालवली. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून वर आली. या कथा लहानपणापासून कानावर असल्यामुळे मुलं हमखास विचारतात, ‘हाही जादुई वास्तववादच ना?’ प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र नकारार्थी द्यावं लागतं. पैठणला रेडा बोलतो तेव्हा त्यातून काहीतरी सिद्ध होतं. शंका घेणारे गप्प होतात, हात जोडतात. चमत्कार तिथे पुरावा म्हणून येतो आणि त्याला भक्तीचा आधार असतो. मार्केस यांच्या अंगणात काहीच सिद्ध होत नाही. रेडा वेद म्हणाला आणि मालकाने त्याच्या चाऱ्याचा खर्च कोणी द्यायचा यावर वाद घातला, अशी गोष्ट कोणी लिहिली तर ती मार्केस यांच्या अंगणाकडे सरकेल.

वेताळाची गोष्ट किंवा परीकथा वेगळी, कारण तिथलं सगळं जगच निराळ्या नियमांवर चालतं. तिथे कोणी किराणा आणत नाही. भयकथा वेगळी, कारण तिथे अद्भुताची भीती वाटणं हाच हेतू असतो. आणखी एक सीमा टीकाकार तोदोरोव यांनी 1970 साली आखून दिली. पात्राला आणि वाचकाला ‘हे खरं की भास?’ असा संभ्रम पडून राहतो, तिथे त्यांनी ‘फॅन्टॅस्टिक’ मानलं. जादुई वास्तववादात तो संभ्रम टिकत नाही. पेलायो-एलिसेंदाने डोळे चोळून बघितलं, सवय झाली आणि स्वयंपाकाला लागले.

संज्ञेच्या इतिहासावर मुलं पानभर खर्च करतात, तेवढी गरज नसते. जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रो यांनी 1925 साली चित्रकलेबद्दल हा शब्द वापरला. क्यूबाचे लेखक आलेहो कार्पेन्तिएर यांनी 1949 साली लॅटिन अमेरिकेच्या ‘अद्भुत वास्तवा’ची कल्पना मांडली, आणि 1955 च्या आंखेल फ्लोरेस यांच्या लेखानंतर ही संज्ञा तिथल्या कथासाहित्याला चिकटली. चार ओळी, बस.

नर्मदेच्या नळाचा सराव

आता स्वतः लिहून बघू, कारण हा प्रकार हातून बिघडल्याशिवाय पुरता कळत नाही. जागा इंदूरची घेऊ, रामबागेतलं एक जुनं घर. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर दूर, विंध्य चढून इंदूरला येतं आणि बऱ्याच भागांत एक दिवसाआड सुटतं. घरात कोणी ‘पाणी आलं’ म्हणत नाही, ‘नर्मदा आली’ म्हणतात. या बोलण्यातच अर्धी गोष्ट तयार आहे. अद्भुत एवढंच: ओंकारेश्वरच्या घाटावर लोक संध्याकाळी द्रोणात ठेवून सोडतात ते दिवे जळत्या वातीसकट नळातून बाहेर येतात.

ओंकारेश्वरच का? महेश्वरचा घाट आपल्या मराठी माणसाला जास्त जवळचा, अहिल्याबाईंमुळे. पण नर्मदा पश्चिमेला वाहते आणि महेश्वर जलूदच्या खालच्या अंगाला आहे. तिथले दिवे उलटे वर येणार नाहीत. ओंकारेश्वर वरच्या अंगाला आहे, म्हणून दिवे तिथलेच हवेत. ही फालतू चिकित्सा नव्हे. दिवा अर्ध्या इंचाच्या नळातून येणं अशक्य आहे, ते वाचक स्वीकारेल. नदी उलटी वाहिलेली तो स्वीकारणार नाही, कारण ती चूक लेखकाची असते. अशक्य गोष्ट एकच ठेवायची आणि बाकी सगळं नकाशावर तंतोतंत बसवायचं.

पहिला मसुदा सहसा असा येतो:

‘काकूंनी नळ सोडला आणि काय आश्चर्य! चक्क जळता दिवा बाहेर आला. काकूंच्या हातातून कळशी पडली. नर्मदामैयानेच जणू आशीर्वाद पाठवला होता. बघता बघता सगळी गल्ली जमली आणि नळाला हार घातला.’

हा चमत्कार झाला. निवेदक दचकला, काकू दचकल्या, शेवटी हार आला. दुसरा मसुदा लिहिणारा हुशार असतो. तो शेवटी उघड करतो की काकूंना ताप होता आणि सगळं भ्रमात दिसलं. म्हणजे अद्भुत दिलं आणि परत काढून घेतलं. तिसऱ्यात दिवा काकूंना तीन वर देतो. ती परीकथा झाली. आता चौथा:

‘मंगळवारी नर्मदा सव्वापाचला आली. प्रेशर कमी होतं, म्हणून दिवे अडकत अडकत येत होते. काकूंनी नळाखाली पुरणाची चाळण धरली. सतरा आले, त्यातले पाच विझलेले. जळते त्यांनी ओट्यावर ओळीने मांडले आणि त्यातल्या एकावर गॅस पेटवला; लायटर दिवाळीपासून बिघडलेला होता. द्रोण वाळवून ठेवले, शुक्रवारच्या हळदीकुंकवाला लागले असते. समोरच्या कुलकर्णी वहिनी भिंतीवरून म्हणाल्या, “तुमच्याकडे जळते तरी येतात. आमची लाइन शेवटची, आमच्याकडे नुसता धूर.” काका म्हणाले, नगर निगममध्ये अर्ज द्यायला हवा. अर्ज दिला. लाइनमन आला, त्याने नळ उघडून बघितला आणि कागदावर लिहिलं, “वॉशर गेला आहे.”’

यात काय बदललं ते एकेक करून बघा. वेळ आली, संख्या आली, चाळण आली. मार्केस यांनी 1981 मध्ये छापून आलेल्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की आकाशात हत्ती उडताहेत म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण 425 हत्ती उडताहेत म्हटलं तर कदाचित ठेवतील. सतरा आणि पाच हे आकडे तेच काम करतात. त्याच मुलाखतीत त्यांनी आपला सूर आजीकडून आल्याचंही सांगितलं. ती अशक्य गोष्टी चेहऱ्यावरची रेषही न हलवता, अगदी स्वाभाविकपणे सांगायची. आपल्याकडच्या आज्यांचा सूर ज्याच्या कानात असेल त्याला हे शिकवावं लागणार नाही.

दुसरं, दिव्यांनी काकूंची कुठलीही अडचण सुटलेली नाही. पाणी तसंच एक दिवसाआड, प्रेशर तसंच कमी. दिव्यांनी पाणी वाढलं असतं तर गोष्ट लगेच वराच्या बाजूला गेली असती. तिसरं, वहिनींच्या तक्रारीतला हेवा खरा आहे. लाइनच्या टोकाला राहणाऱ्याला पाणी कमी मिळतं, तसेच दिवेही विझलेले मिळतात. अद्भुतही पाण्याच्याच वाटणीने वाटलं गेलं. आणि लाइनमनचा वॉशर हा आपल्याकडचा रोमचा पत्रव्यवहार आहे.

तरीही हा उतारा अजून हलका आहे. गमतीदार आहे, त्यापलीकडे काही नाही. बरेच चांगले विद्यार्थी इथेच थांबतात आणि मग त्यांना वाटतं की जादुई वास्तववाद म्हणजे गंभीर चेहऱ्याने सांगितलेली मौज. मार्केस यांच्या गोष्टीत दारिद्र्य आहे, दुसऱ्याच्या दुबळेपणावर बांधलेला दुमजली वाडा आहे, लोखंड तापवून म्हाताऱ्याला डागणारी गर्दी आहे. तो मेला की काय ते बघायला डागतात आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. अद्भुत तिथे खऱ्या दुखऱ्या जागेवर बसलेलं आहे. मग आपल्या नळाच्या वरच्या अंगाला काय आहे ते शोधायला हवं.

जलूदच्या वर ओंकारेश्वर. ओंकारेश्वरच्या वर इंदिरा सागर धरण. आणि त्या धरणाच्या पाण्यात हरसूद. 2004 साली रिकामं केलेलं गाव, जिथल्या लोकांनी स्वतःच्या हाताने आपली घरं पाडून दारं-खिडक्या गाड्यांत भरून नेल्या. इंदूरची तहान भागवणारी नदी आणि हरसूद गिळणारी नदी एकच. नकाशाने ही जागा आपल्याला आपोआप दाखवली. ओंकारेश्वर नीट निवडलं म्हणूनच ती सापडली, महेश्वर ठेवलं असतं तर हातून निसटली असती. आता पुढचा परिच्छेद:

‘गुरुवारी दिव्यांबरोबर एक कडी आली, दाराची, पितळेची. काकूंनी ती धुऊन मागच्या खोलीतल्या भाडेकरू बाईंना दिली. बाई हरसूदच्या. त्यांनी कडी उलटीसुलटी करून पाहिली, वजन केलं आणि म्हणाल्या, “ये हमारी नहीं है. हमारी में एक कील कम थी. ये सामनेवालों की है.” पदराला पुसून त्यांनी ती कोनाड्यात बाकीच्यांबरोबर ठेवली आणि विचारलं, “अब नल परसों आएगा ना?”’

दिवे अजूनही दिवेच आहेत, कोणी हात जोडलेले नाहीत, आवाज चढलेला नाही. पण कोनाड्यात ‘बाकीच्या’ कड्या आहेत, म्हणजे हे बरेच दिवस चाललंय, हे आपल्याला एका शब्दात कळतं. बाईंना कडी नळातून कशी आली याचं नवल नाही. कोणाची आहे, एवढंच बघायचं आहे. बाई हिंदीत बोलतात, काकू मराठीत ऐकतात; रामबागेतल्या घरात हे असंच होणार, त्यामुळे ते भाषांतरित करू नये.

अशा उताऱ्यावर परीक्षेत उत्तर लिहिताना एक मोह टाळावा लागतो: ‘कडी हे विस्थापनाचं प्रतीक आहे’ असं लिहून मोकळं व्हायचा. देवदूताबद्दलही हेच होतं. कोणी त्याला धर्म म्हणतं, कोणी ख्रिस्त, कोणी स्थलांतरित. यातलं काहीच साफ चूक नाही, पण ‘क्ष म्हणजे य’ म्हटलं की कडीचं वजन जातं, तिचा कमी असलेला खिळा जातो, आणि देवदूताची कोळीण होते. आधी कडी ही कडी म्हणून वाचा: ती कोणी धुतली, कोणी पुसली, कुठे ठेवली. मग लिहा की सरकारी नोंदीत बुडालेलं घर हा एक आकडा असतो आणि या परिच्छेदात ते घर खिळ्यासकट ओळखलं जातं. अर्थ आला, आणि कडीही जागेवर राहिली.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘गावकरी अंधश्रद्ध असल्यामुळे त्यांना देवदूत खरा वाटला’ हे वाक्य. गोष्टीत देवदूत गावकऱ्यांना ‘वाटत’ नाही. तो आहे, वांगं खातो, त्याला कांजिण्या होतात. शिकलेला डॉक्टरही त्याला तपासतो आणि नाकारत नाही. अंधश्रद्धेचा शेरा मारणारा विद्यार्थी गोष्टीच्या बाहेर उभा राहून तिचे नियम बदलतो. तसं करायचंच असेल तर गोष्टीत पुरावा दाखवावा लागेल, आणि या गोष्टीत तो सापडत नाही.

सराव करायचा असेल तर आपल्याच घरातलं रोजचं एक वाक्य घ्या, ज्यात बोलताना आपण नकळत अद्भुत बोलून जातो, ‘नर्मदा आली’सारखं. त्याचा शब्दशः अर्थ घ्या, एकदाच. मग वेळ, आकडा आणि घरातली एक वस्तू ठरवा. आठ-दहा वाक्यं लिहून झाली की ‘जणू’, ‘म्हणे’, ‘चक्क’ आणि उद्गारचिन्हं खोडा आणि मोठ्याने वाचा. वाचताना आवाज जिथे चढतो तिथे परत जा. बहुधा त्या जागी एखादं पात्र विनाकारण दचकलेलं सापडेल. त्याच्या हातात चाळण द्या.